नको तिथे थांबणारी खिडकी

बँकेचं पासबुक हातात आलं की डोळा आधी शेवटच्या रकान्याकडे जातो. जमा किती, नावे किती, ते मागाहून. आधी शिल्लक बघायची. या लेखात ज्या चुकीबद्दल सांगायचं आहे ती चूक आणि तिचा उपाय, दोन्ही त्या शेवटच्या रकान्यातच सापडतात. म्हणून एक लहानसं पासबुक समोर घेऊनच सुरुवात करू.

खातं नवं, सुरुवातीची शिल्लक शून्य. आकडे हजारांत धरा.

| नोंद | सुरुवात | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|---|
| रक्कम | | ७ | −४ | ३ | २ | ६ |
| शिल्लक | ० | ७ | ३ | ६ | ८ | १४ |

प्रश्न असा आहे: ज्या सलग नोंदींमध्ये शिल्लक किमान ११ हजारांनी वाढली, असा सगळ्यांत छोटा तुकडा किती नोंदींचा? पाचही नोंदी घेतल्या तर बेरीज १४ होते, म्हणजे पाच नोंदींचा तुकडा चालतो. पण शेवटच्या तीनच घेतल्या तरी ३, २ आणि ६ मिळून बरोबर ११ होतात. दोन शेजारच्या नोंदींत जास्तीत जास्त ८ मिळतात, तेव्हा दोनात काम भागत नाही. उत्तर तीन.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हाच प्रश्न असा विचारतात: पूर्णांकांचा एक ॲरे आणि एक धन संख्या k दिली आहे, ज्याची बेरीज किमान k आहे असा सर्वांत छोटा सलग तुकडा किती लांबीचा, ते सांगा. तसा तुकडाच नसेल तर −१ द्या. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर ही जवळजवळ एकसारखी दोन कोडी आहेत. २०९ क्रमांकाच्या कोड्यात सगळ्या संख्या धन असतात आणि त्याची काठिण्यपातळी मध्यम आहे. ८६२ क्रमांकाच्या कोड्यात संख्या ऋणही असू शकतात आणि ते अवघड गटात मोडतं. एका वजाबाकीच्या चिन्हाने कोडं एवढं का अवघड व्हावं, हे समजलं की सरकत्या खिडकीचं सगळं गणित समजतं.

खिडकी कशी चालते

आधी सोपं पासबुक घेऊ. तेच आकडे, फक्त दुसरी नोंद काढलेल्या पैशांची नाही, जमेची आहे: ७, ४, ३, २, ६. हवे तेच ११.

सरकत्या खिडकीला दोन टोकं असतात. उजवं टोक एकेक नोंद आत घेतं. आतली बेरीज ११ किंवा त्याहून जास्त झाली की खिडकीची लांबी टिपून ठेवायची आणि डावीकडून एक नोंद बाहेर काढायची. तरीही बेरीज पुरेशी असेल तर पुन्हा टिपायचं, पुन्हा काढायचं. बेरीज ११ च्या खाली गेली की डावं टोक थांबवायचं आणि उजवं पुढे न्यायचं.

पहिल्या दोन नोंदींतच ७ आणि ४ मिळून ११ होतात. लांबी दोन, टिपली. आता ७ बाहेर, उरले ४, थांबा. पुढे ३ आले, बेरीज ७. मग २, बेरीज ९. मग ६, बेरीज १५. लांबी चार, म्हणजे आधीच्या दोनपेक्षा वाईट. ४ बाहेर, उरले ११, लांबी तीन. ३ बाहेर, उरले ८, थांबा. नोंदी संपल्या. उत्तर दोन, आणि ते बरोबर आहे.

कोडमध्ये हे एवढंसंच असतं:

```python
def window(a, k):
    left = s = 0
    best = len(a) + 1
    for right, x in enumerate(a):
        s += x
        while s >= k:
            best = min(best, right - left + 1)
            s -= a[left]
            left += 1
    return best if best <= len(a) else -1
```

प्रत्येक नोंद एकदा आत येते आणि फार तर एकदा बाहेर जाते. त्यामुळे एक लाख नोंदींसाठी दोन लाखांच्या आसपास हालचाली पुरतात. प्रत्येक सुरुवात आणि प्रत्येक शेवट अशा जोड्या तपासत बसलो तर त्याच एक लाख नोंदींसाठी सुमारे ५०० कोटी जोड्या होतात. म्हणून खिडकी सगळ्यांना आवडते.

पण एवढी बचत फुकट मिळत नाही. खिडकी दोन निर्णय घेते आणि दोन्ही निर्णय न तपासता घेते. पहिला निर्णय फेकण्याचा: बेरीज पुरेशी झाली की डावी नोंद कायमची बाहेर. दुसरा निर्णय थांबण्याचा: बेरीज अपुरी झाली की डावीकडे आणखी काही बघायचं नाही. हे दोन्ही निर्णय कशाच्या जोरावर घेतले जातात, ते वेगवेगळं तपासायला हवं.

फेकणं बरोबर, थांबणं चूक

फेकण्याचा निर्णय घ्या. एखाद्या नोंदीपासून सुरू केलेला तुकडा आत्ताच्या नोंदीपाशी पुरेसा झाला. आता त्याच सुरुवातीपासून पुढे कितीही गेलो तरी तुकडा लांबतच जाणार. आपल्याला सर्वांत छोटा हवा आहे, तेव्हा त्या सुरुवातीचं काम संपलं. तिला बाहेर काढण्यात काही धोका नाही. या युक्तिवादात संख्या धन की ऋण हा प्रश्न कुठेच आला नाही. म्हणजे हा निर्णय ऋण संख्या असतानाही बरोबरच आहे.

आता थांबण्याचा निर्णय. बेरीज ११ च्या खाली गेली, मग डावीकडून आणखी नोंदी काढून बघायच्या नाहीत. का? कारण प्रत्येक नोंद जमेची आहे. ती काढली की बेरीज आणखी कमीच होणार. आता अपुरी आहे ती पुढे पुरेशी होण्याची आशाच नाही. इथे मात्र «प्रत्येक नोंद जमेची आहे» हे वाक्य आलं. सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे.

आता आपलं मूळ पासबुक खिडकीला द्या: ७, −४, ३, २, ६. उजवं टोक पुढे जातं तशी बेरीज ७, ३, ६, ८ अशी होते आणि शेवटी १४. आता पहिल्यांदाच ११ ओलांडले. लांबी पाच, टिपली. ७ बाहेर. उरले ७. ११ पेक्षा कमी, म्हणून खिडकी थांबते. नोंदी संपल्या. खिडकीचं उत्तर पाच.

खिडकी थांबली त्या क्षणी तिच्या आत −४, ३, २, ६ होते. तिने फक्त आणखी एक नोंद बाहेर काढायला हवी होती. ती नोंद पैसे काढल्याची. ती वगळली की बेरीज ७ वरून ११ वर चढते आणि तीन नोंदींचा तुकडा हाती येतो. एक पाऊल पुढे उत्तर होतं, पण तिथे जाण्याआधी बेरीज थोडी खाली उतरायला हवी होती, आणि उतार दिसला की थांबायचं एवढंच खिडकीला माहीत आहे.

यावरून खिडकीची चूक कुठल्या दिशेने होते तेही कळतं. ती सांगते ते उत्तर खऱ्या तुकड्याचंच असतं, पाच नोंदींचा तुकडा खोटा नव्हता. म्हणून तिचं उत्तर खऱ्यापेक्षा लहान कधीच येत नाही. ते मोठं येतं, किंवा तुकडा असूनही ती «नाही» म्हणते. दुसऱ्या प्रकाराचं सगळ्यांत छोटं उदाहरण दोनच आकड्यांचं आहे: −१ आणि १, k एक. खिडकीत बेरीज आधी −१, मग शून्य. एक कधी होतच नाही, म्हणून डावं टोक जागचं हलतही नाही आणि खिडकी −१ देते. दुसरी नोंद एकटीच पुरेशी होती.

तीन नमुने, तिन्ही बरोबर

मी प्रोग्रॅमिंग शिकवतो. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी ८६२ ला वरचा खिडकीचाच कोड चिकटवतो आणि लॅपटॉप माझ्यासमोर धरतो. «सर, दिलेली तिन्ही उदाहरणं बरोबर आली. पुढे मात्र चुकीचं म्हणतंय.»

त्याचं खरं असतं. कोड्यासोबत दिलेली उदाहरणं अशी आहेत: पहिल्यात फक्त १, k एक. दुसऱ्यात १ आणि २, k चार. तिसऱ्यात २, −१, २ आणि k तीन. पहिल्या दोनांत ऋण संख्याच नाही. तिसऱ्यात आहे, पण तिथे पूर्ण ॲरेच उत्तर आहे. खिडकीत बेरीज २, १, ३ अशी होते, लांबी तीन टिपली जाते, २ बाहेर काढले की १ उरतो आणि खिडकी थांबते. इथेही ती उतार बघूनच थांबली, पण पुढे काही सापडण्यासारखं नव्हतं. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर आलं.

«मग ऋण संख्या असली की नेहमी चुकतं का?» असं तो विचारतो. नाही, आणि हीच पंचाईत आहे. चूक उघडी पडण्यासाठी आधी घट आणि मग पुरेशी मोठी वाढ असा क्रम लागतो. हाताने उदाहरणं रचत बसण्यापेक्षा चूक पकडायचा खात्रीचा मार्ग वेगळा आहे. सहा-सहा आकड्यांचे, −५ ते ५ मधले हजारभर ॲरे यादृच्छिकपणे तयार करा. प्रत्येकाचं उत्तर सगळ्या जोड्या तपासणाऱ्या बाळबोध कोडनेही काढा आणि दोन्ही उत्तरं ताडून बघा. सहा आकड्यांत जोड्या असून असून किती, एकवीस. फरक लगेच सापडतो, आणि ॲरे छोटा असल्याने कुठे बिनसलं ते बोटाने दाखवता येतं.

ठिगळं

चूक कळली की पहिला विचार ठिगळाचा येतो. माझ्या वर्गात दोन ठिगळं हमखास येतात, आणि दोन्ही का टिकत नाहीत हे बघितलं की खरा उपाय आपोआप दिसायला लागतो.

पहिलं ठिगळ: बेरीज शून्य किंवा त्याखाली गेली की खिडकी रिकामी करून पुढच्या नोंदीपासून नव्याने सुरू करायची. ही युक्ती कदाने यांच्या प्रसिद्ध पद्धतीतली आहे. सलग तुकड्याची जास्तीत जास्त बेरीज शोधण्याचा प्रश्न १९७७ मध्ये उल्फ ग्रेनँडर यांनी मांडला आणि संख्याशास्त्रज्ञ जे कदाने यांनी त्यासाठी एका फेरीत संपणारी रीत दिली. −१ आणि १ चं उदाहरण या ठिगळाने सुटतं. आपलं पासबुक मात्र सुटत नाही. ७ मधून ४ गेले तरी ३ उरतात. बेरीज शून्याला कुठेच टेकत नाही, म्हणून खिडकी रिकामी होतच नाही.

इथे दोन प्रश्नांमधला फरक बघण्यासारखा आहे. ७ आणि −४ या दोन नोंदी मिळून खात्यात ३ हजारांची भर घालतात. जास्तीत जास्त बेरीज हवी असेल तर त्या ठेवायलाच हव्यात, आणि कदाने यांची रीत त्या ठेवते ते बरोबरच आहे. पण आपल्याला कमीत कमी नोंदी हव्या आहेत. त्या दोघी ३ हजार देतात खऱ्या, पण दोन जागा अडवून. आपला हिशोब वेगळा असल्याने टाकण्याचा नियमही वेगळा हवा.

दुसरं ठिगळ जास्त चलाख आहे: बेरीज अपुरी असली तरी खिडकीच्या डाव्या टोकाला ऋण नोंद असेल तर ती काढून टाकायची, कारण ती काढल्याने फायदाच होतो. आपल्या पासबुकावर हे चालतं. ७ गेल्यावर −४ डाव्या टोकाशी येतो, तोही जातो, बेरीज ११, लांबी तीन. विद्यार्थी खूश.

मग मी फळ्यावर एक नोंद वाढवतो: ७, १, −६, ३, २, ६. हवे ११ च. उत्तर इथेही शेवटच्या तीन नोंदी. खिडकीत बेरीज ७, ८, २, ५, ७ आणि शेवटी १३ होते. लांबी सहा टिपली. ७ बाहेर, उरले ६. आता डाव्या टोकाशी १ आहे, तो धन. ठिगळ म्हणतं, हा काढू नका. पण त्या १ च्या मागेच −६ उभा आहे आणि दोघे मिळून पाच हजारांचा खड्डा पाडतात. दोघांनाही काढलं असतं तर बेरीज ११ झाली असती.

मग एक नोंद नाही, दोन नोंदी पुढे बघू? खड्ड्याआधी तीन धन नोंदी असतील तर? चार असतील तर? किती पुढे बघायचं याला सीमा राहत नाही. प्रत्येक वेळी शेवटपर्यंत बघायचं ठरवलं तर पुन्हा त्या ५०० कोटी जोड्यांच्या दारात येऊन उभे राहतो. म्हणजे एकेक नोंद धन आहे की ऋण, हे बघणंच मुळात चुकीचं आहे. बघायचं असतं ते पुढे शिल्लक कुठपर्यंत खाली गेली ते.

लांबीवर द्विभाजन करण्याचा विचारही इथेच मोडतो. सगळ्या नोंदी धन असतील तर तीन लांबीचा तुकडा पुरेसा असताना चार लांबीचाही असतोच, फक्त एक नोंद जोडायची. म्हणून मधली लांबी तपासून अर्धा पल्ला सोडून देता येतो. आपल्या पहिल्या पासबुकात तीन लांबीचा तुकडा ११ देतो, पाच लांबीचा १४ देतो, पण चार लांबीचे दोन तुकडे ८ आणि ७ एवढेच देतात. तीन चालते, चार चालत नाही, पाच चालते. अशा ठिकाणी अर्धा पल्ला सोडून दिला तर कुठला अर्धा सोडला हे देवालाच ठाऊक.

शेवटचा रकाना

आता रकमेचा रकाना झाका आणि फक्त शिल्लक बघा: ०, ७, ३, ६, ८, १४. कुठल्याही तुकड्याची बेरीज म्हणजे त्याच्या शेवटची शिल्लक वजा त्याच्या आधीची शिल्लक. ३, २, ६ या तुकड्याच्या शेवटी १४ आहेत, त्याआधी ३ होते, फरक ११. प्रश्न आता असा झाला: एक आधीची शिल्लक आणि एक नंतरची शिल्लक निवडा, फरक किमान ११ हवा आणि दोघींतलं अंतर कमीत कमी हवं.

शिल्लक सतत चढती असेल तर आधीच्या शिलकांपैकी सगळ्यांत जुनी सगळ्यांत लहान असते. जुन्या शिलकेपासून फरक पुरत नसेल तर तिच्यानंतरच्या कुठल्याच शिलकेपासून पुरणार नाही. खिडकीचं थांबणं ते हेच. पैसे काढले गेले की हा क्रम मोडतो: जुनी शिल्लक ७ होती आणि नंतरची ३. खिडकी ७ शी थांबली, तर ३ तिच्या मागे लपून राहिली.

पण त्या ७ कडे नीट बघा. पुढे कुठलीही शिल्लक आली तरी सुरुवात म्हणून ७ ची निवड कुणी करेल का? नंतर आलेली ३ लहान आहे, म्हणून फरक जास्त देईल. शिवाय ती जवळची आहे, म्हणून तुकडाही छोटा होईल. दोन्ही बाजूंनी ७ हरते. ३ आली त्या क्षणी ७ वर काट मारून टाकायची, ती पुन्हा कधी लागणार नाही.

हा नियम प्रत्येक नव्या शिलकेला लावायचा. नवी शिल्लक आली की तिच्याएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या जुन्या शिलका खोडायच्या. जे उरतं ते आपोआप चढत्या क्रमाने लागलेलं असतं. आणि क्रम चढता झाला की खिडकीचा थांबण्याचा नियम पुन्हा लागू पडतो: सगळ्यांत जुनी शिल्लक पुरत नसेल तर बाकीच्या तिच्याहून मोठ्याच आहेत, त्याही पुरणार नाहीत. आता थांबायला हरकत नाही.

इथे एक शंका रास्त आहे: मग फक्त सगळ्यांत लहान शिल्लक लक्षात ठेवली तर? नाही चालत. शून्य सगळ्यांत लहान, पण ती सगळ्यांत दूरही आहे. तिच्यानंतरची ३ थोडी मोठी असली तरी जवळ आहे, आणि उत्तर तिच्यापासूनच निघतं. जवळ असण्याच्या बदल्यात थोडं मोठं असणं परवडतं. मोठं आणि दूर दोन्ही असणं परवडत नाही. म्हणून पूर्ण चढती रांग सांभाळावी लागते.

ही रांग दोन्ही टोकांनी वापरावी लागते. मागच्या टोकाने खोडाखोड होते आणि नवी शिल्लक येते. पुढच्या टोकाने काम झालेल्या सुरुवाती निघून जातात. दोन्हीकडून उघडी असलेल्या अशा रांगेला डेक म्हणतात.

पुन्हा तेच पासबुक

आता आपल्या पासबुकावर ही रीत चालवू. रांगेत आधी ० जाते. ७ येते, ० तिच्याहून लहान, खोडायचं काही नाही. ७ वजा ०, अपुरे. रांग ०, ७. मग ३ येते. मागच्या टोकाला ७ आहे, ती मोठी, खोडली. ३ वजा ०, अपुरे. रांग ०, ३. मग ६ येते, रांग ०, ३, ६. मग ८, रांग ०, ३, ६, ८. अजून फरक ११ झालेला नाही.

शेवटी १४ येते. मागून खोडायचं काही नाही. पुढच्या टोकाला ०, फरक १४, पुरेसा. अंतर पाच, टिपलं, ० बाहेर. आता पुढे ३, फरक ११, पुरेसा. अंतर तीन, टिपलं, ३ बाहेर. पुढे ६, फरक ८, अपुरा, थांबा. उत्तर तीन.

खिडकी जिथे ७ शी थांबली होती तिथे या वेळी ७ नव्हतीच. ० गेली की थेट ३ समोर आली.

फळ्यावरच्या दुसऱ्या उदाहरणातही हेच होतं. तिथल्या शिलका ०, ७, ८, २, ५, ७, १३ अशा आहेत. २ आली की ८ आणि ७ दोन्ही एका झटक्यात खोडल्या जातात. खड्ड्याआधी किती धन नोंदी होत्या याचा विचारच करावा लागत नाही. किती पुढे बघायचं या ज्या प्रश्नाने ठिगळ फाटलं, तो उलटा झाला: पुढे बघायचं नाही, खड्ड्याशी पोचल्यावर मागचं खोडायचं.

```python
from collections import deque

def shortest(a, k):
    p = [0]
    for x in a:
        p.append(p[-1] + x)
    best = len(a) + 1
    q = deque()
    for j in range(len(p)):
        while q and p[q[-1]] >= p[j]:
            q.pop()
        while q and p[j] - p[q[0]] >= k:
            best = min(best, j - q.popleft())
        q.append(j)
    return best if best <= len(a) else -1
```

रांगेत शिलका नाही, त्यांचे क्रमांक ठेवले आहेत, कारण अंतर मोजायला क्रमांक लागतो. दोन while बघून हे संथ असेल असं वाटतं, पण प्रत्येक क्रमांक रांगेत एकदाच येतो आणि एकदाच जाऊ शकतो, पुढून किंवा मागून. म्हणून एकूण काम खिडकीइतकंच, नोंदींच्या संख्येच्या प्रमाणात.

दोन-तीन जागी पाय घसरतो. पायथनमध्ये डेकऐवजी साधी यादी घेऊन `pop(0)` केलं तर प्रत्येक वेळी मागचे सगळे घटक एक जागा पुढे सरकतात आणि मिळवलेली बचत तिथे जाते. जावा किंवा सी++ मध्ये शिल्लक ३२ बिटांच्या `int` मध्ये ठेवली तर ती ओसंडते. ८६२ मध्ये एक लाख आकडे आणि प्रत्येक आकडा एक लाखापर्यंत असू शकतो, म्हणजे शिल्लक १,००० कोटींपर्यंत जाते. `int` मध्ये सुमारे २१४ कोटीच मावतात. उत्तरं छोट्या उदाहरणांवर बरोबर आणि मोठ्यांवर विचित्र येऊ लागली तर आधी हे बघावं.

तिसरी गोष्ट k ची. मागून खोडणं सुरक्षित आहे ते k धन असल्यामुळे: खोडलेल्या शिलकेपासून नव्या शिलकेपर्यंतचा फरक शून्य किंवा ऋण असतो, तो k ला पुरण्याचा प्रश्नच नसतो. k शून्य किंवा ऋण असेल तर हा आधार राहत नाही. पण तिथे रांगेची गरजही नाही. एखादी एकटी नोंद k एवढी किंवा मोठी असेल तर उत्तर एक. तशी एकही नसेल तर सगळ्या नोंदी k पेक्षा लहान, म्हणजे सगळ्या ऋण. त्या जितक्या जोडाव्या तितकी बेरीज आणखी खाली जाणार. उत्तर −१.

शून्य रकमेच्या नोंदींनी मात्र साधी खिडकी बिघडत नाही. शिल्लक तिथे वाढत नाही, पण उतरतही नाही, आणि खिडकीला फक्त उतार सोसत नाही. तेव्हा खिडकी वापरायची की डेक, हे ठरवताना नोंदी चाळायच्या नाहीत. शिल्लक कधी खाली येऊ शकते का, एवढंच विचारायचं.

आणि आपलं पासबुक पुन्हा बघा. १४ आली तेव्हा रांगेत ०, ३, ६, ८ उभ्या होत्या आणि ७ वर काट होती. त्या काटीनंतर उरलेला रकाना ०, ३, ६, ८, १४ असा वाचला जातो. हे अशा माणसाचं पासबुक आहे ज्याने कधी पैसे काढलेच नाहीत, आणि त्याच्यासाठी खिडकी आधीपासूनच चालत होती.